धागा: मसाला गल्लीवरचा लघुपट – थंबनेलला कोणती फ्रेम घ्यावी, आणि सुरुवातीची पाटी कुठे टाकावी?

परळची_पोर

नमस्कार मंडळी. लालबागच्या मसाला गल्लीवरचा माझा ११ मिनिटांचा लघुपट एकदाचा कापून, रंग लावून तयार झालाय. काळाचौकीच्या एक काकू दर उन्हाळ्यात तिथे येतात, ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरची निवडून घेतात, भाजून घेतात आणि डंकासमोर उभं राहून मसाला कुटून घेतात. प्रमाणाची चिठ्ठी त्यांच्या सासूबाईंच्या हातची आहे. या वर्षी ती चिठ्ठी त्या सुनेच्या हातात देतात, एवढीच गोष्ट. नाव ठेवलंय ‘मसाला गल्लीतला उन्हाळा’.

आता यूट्यूबवर चढवायचाय आणि दोन ठिकाणी अडलेय.

पहिलं थंबनेल. तयार व्हिडिओतून चार फ्रेम बाजूला काढल्यात:

अ) ०:४० – गल्लीचा वाइड, दोन्ही बाजूंना मिरचीची पोती, मधे गर्दी
आ) ४:१० – डंकाचा क्लोजअप, मुसळ उखळात पडतंय
इ) ४:३१ – काकूंनी नाकाला पदर लावलाय, फक्त डोळे दिसतात, नजर डंकावर
ई) ७:०५ – हातात चिठ्ठी, कागद हळदीने पिवळा पडलेला

व्हिडिओ चालू असताना सगळे शॉट सुंदर दिसतात, पण थांबवून फ्रेम काढली की ‘आ’ आणि ‘इ’ दोन्ही धुरकट येतात. ‘इ’ मधे भुवया दोन-दोन दिसतात.

दुसरं म्हणजे सुरुवातीची पाटी. आत्ता पहिली सहा सेकंद काळ्या पडद्यावर लाल अक्षरात नाव आहे आणि मग गल्ली सुरू होते. मैत्रीण म्हणते की पाटी काढूनच टाक. मला काढायची नाहीये, नाव मनापासून ठेवलंय. काय करावं?

रोहित_७५

थंबनेलचा नियम सोपा आहे ताई. चेहरा मोठा हवा, भाव ठळक हवा, पिवळी अक्षरं हवीत. चारपैकी चेहरा एकाच फ्रेममधे आहे, म्हणजे ‘इ’. धुरकटपणाचं म्हणाल तर तुम्ही १०८० मधे एक्सपोर्ट केलं असणार. फोर-के मधे करा, फ्रेम चकचकीत येईल.

वर्षा_संकलक

रोहित, चेहऱ्याबद्दल तुझ्याशी बरीचशी सहमत आहे, फोर-केबद्दल नाही. रिझोल्यूशन वाढवलं तर तीच पुसट भुवई जास्त पिक्सेलमधे दिसेल. हा धुरकटपणा शटरचा आहे. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलेलं असणार आणि ते बरोबरच आहे, त्यामुळेच हालचाल डोळ्याला मऊ वाटते. पण त्या १/५० सेकंदात मुसळ जेवढं खाली आलं तेवढा पट्टा एका फ्रेममधे उमटतो. थांबवलेल्या चित्रात तोच डाग होऊन दिसतो.

उपाय शॉटच्या आतच असतो. डंकाचं मुसळ वर जातं, टोकाला क्षणभर थांबतं आणि मग पडतं. टोकाला त्याचा वेग शून्य असतो, तिथली फ्रेम लख्ख येते. उखळात आदळल्यावरही ते थांबतं, पण तेव्हा भुकटी उडत असते आणि ती धूसर दिसते. म्हणून वरच्या टोकाची फ्रेम शोधा. तिथे मुसळ हवेत असतं आणि खालच्या मिरच्याही झाकल्या जात नाहीत. आता पडणार, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

चेहऱ्याचंही तसंच. माणूस बोलत असताना किंवा मान वळवताना फ्रेम घेऊ नये, मान वळून स्थिर झाल्यावर घ्यावी. काकूंनी पदर नाकाकडे नेला, तो टेकला, आणि ठसका यायच्या आधी क्षणभर त्या थांबल्या असतील. पापण्या अर्धवट मिटलेल्या नाहीत ना, तेवढं बघून त्या थांबण्यातली फ्रेम हवी.

हे प्लेयरवर पॉज दाबून सापडत नाही. तेवढाच तुकडा सुट्या फ्रेममधे काढा:

```
ffmpeg -ss 00:04:30 -i lalbaug.mp4 -t 2 frame_%03d.png
```

दोन सेकंदांच्या ५० फ्रेम मिळतील. फोल्डरमधे मोठ्या आयकॉनने शेजारी शेजारी लावून बघा, चांगली फ्रेम लगेच नजरेत भरते. ‘आ’ साठी ०४:३० च्या जागी ०४:०९ टाका.

परळची_पोर

वर्षाताई, शूट फोर-केमधे आहे, टाइमलाइन १०८० ची. मग क्रॉप करायचं झालं तर?

वर्षा_संकलक

मग रोहितचं अर्धं म्हणणं इथे उपयोगी पडतं. यूट्यूब थंबनेलसाठी १२८० बाय ७२० सुचवतं. १०८० च्या फ्रेममधून काकूंचा अर्ध्या रुंदीचा भाग कापलात तर हातात ९६० पिक्सेल येतात, म्हणजे ताणावंच लागणार. मोबाइलवर ते खपून जाईल, टीव्हीवर डोळे मऊ दिसतील. फोर-केमधून एक तृतीयांश रुंदी कापली तरी पूर्ण १२८० मिळतात.

म्हणून आधी वरच्या पद्धतीने टाइमकोड पक्का करा. मग एडिटमधे त्याच फ्रेमवर जा, टाइमलाइन तात्पुरती २१६० ची करा, सबटायटल आणि नावांचे ट्रॅक बंद करा आणि स्टिल काढा. रिझॉल्व्हमधे कलर पेजवर `Grab Still`, प्रीमियरमधे `Export Frame`. रंग लावलेलाच राहतो, आणि चित्रावर अर्धवट सबटायटल येत नाही. कच्च्या फुटेजमधून घेतलीत तर फिकट लॉग चित्र येईल आणि थंबनेलचा रंग आतल्या व्हिडिओशी जुळणार नाही.

नाना_गिरगाव

आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ मी चढवतो. त्यात यूट्यूब स्वतःच तीन चित्रं सुचवतं, त्यातलं एक निवडलं की झालं. एवढा खटाटोप कशाला? आणि पाटीचं म्हणाल तर आम्ही सुरुवातीला मंडळाचं नाव, स्थापना वर्ष, पेटीवाले, तबलेवाले अशी सगळ्यांची नावं देतो. नाव आधी दिलं नाही तर माणसं रुसतात.

वर्षा_संकलक

नाना, तुमचा प्रेक्षक मंडळाचं नाव वाचून येतो, तो तुमचाच माणूस आहे. त्याच्यासाठी कुठलंही नीट चित्र चालतं. परळच्या पोरीला कोणीच ओळखत नाही, तिला अनोळखी माणसाला थांबवायचंय. यूट्यूब जी तीन चित्रं देतं त्यात बऱ्याचदा गायकाचं तोंड अर्धवट उघडं आणि डोळे मिटलेले असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पुढच्या वेळी समेवर, आलाप संपून बुवा श्रोत्यांकडे बघतात तिथली फ्रेम घेऊन बघा.

खारघरचा_कॅमेरा

मी ‘इ’ च्या विरोधात. फ्रेम सुंदर असेल, पण संदर्भ नसलेल्या माणसाला काय दिसेल? नाकाला पदर लावलेली बाई. प्रदूषण, कचरा, गटार, काहीही वाटू शकतं. मसाला कुठे आहे त्यात? माझं मत ‘आ’. लाल मिरची आणि वर लोखंडी मुसळ, एका नजरेत विषय कळतो.

आणि ‘अ’ ताबडतोब बाद करा. वाइड शॉट मोठ्या पडद्यावर छान, पण मोबाइलच्या यादीत पोती म्हणजे लाल ठिपके आणि माणसं म्हणजे काळे ठिपके.

परळची_पोर

‘अ’ बाद, पटलं. फोनवर लहान करून बघितलं, खरंच काही कळत नाही. चिठ्ठीवरचं अक्षरही त्या आकारात वाचता येत नाही, नुसता पिवळा कागद दिसतो. म्हणजे ‘ई’ पण गेली, वाईट वाटलं कारण गोष्टीचा जीव तिथे आहे.

‘आ’ आणि ‘इ’ च्या नव्या फ्रेम काढल्या. ‘आ’ मधे मुसळ वरच्या टोकाला, एकदम स्वच्छ. ‘इ’ मधे पदर टेकल्यानंतर लगेचची फ्रेम घेतली, भुवया एक-एकच आहेत. डोळ्यांत पाणी तरळलंय ते व्हिडिओ बघताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पण खारघरकरांचा मुद्दा डोक्यात बसलाय. मसाला दिसत नाही हे खरंच आहे.

वर्षा_संकलक

मुद्दा योग्य आहे, पण त्यासाठी फ्रेम सोडायची गरज नाही. ४:३१ च्या शॉटमधे पुढे काय आहे? काकू डंकाकडे बघतात म्हणजे कॅमेरा डंकाच्या बाजूने लागलेला असणार. क्रॉप डोळ्यांवर घट्ट न करता खाली सोडून बघा. फोकसबाहेरचा का होईना, मसाल्याचा लाल रंग आत येतो का?

परळची_पोर

येतो! खाली डाव्या कोपऱ्यात उखळाची कड आणि त्यावर साचलेली लाल भुकटी. मी ती कापून टाकली होती. आता वर उजवीकडे डोळे, खाली डावीकडे लाल.

वर्षा_संकलक

मग हीच. उजवीकडे खाली व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी चौकट येते, तिथे तुमचा काही महत्त्वाचा भाग नाही, तेही जुळलं.

लाल रंगाकडे मात्र एकदा नीट बघा. भडक मिरचीत लाल चॅनेल कमाल पातळीला टेकतो आणि भुकटीचे कण, सुरकुत्या जाऊन नुसता सपाट लाल डबका उरतो. थंबनेलसाठी लोक सॅच्युरेशन वाढवतात, तुम्ही लालाचं थोडं उतरवा आणि काकूंच्या चेहऱ्याचा उजेड किंचित चढवा. लाल रंग कमी होऊनही जास्त तिखट दिसेल, कारण त्याला पोत येईल.

रोहित_७५

आणि अक्षरं? मसाला गल्लीतला उन्हाळा, मोठ्या पिवळ्या अक्षरात?

वर्षा_संकलक

नाव थंबनेलच्या खाली यूट्यूब स्वतः लिहिणारच आहे. तेच पुन्हा चित्रावर लिहिलं तर जागाही गेली आणि नवीन काही सांगितलंही नाही. लिहायचंच तर चित्रात आणि नावात नाही ते लिहावं. इथे चिठ्ठी कामाला येते. ‘सासूबाईंचं प्रमाण’, दोनच शब्द. गल्ली नावात आहे, तिखट डोळ्यांत आहे, गोष्ट या दोन शब्दांत.

अट एकच. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ती चिठ्ठी व्हिडिओत दिसली पाहिजे. ७:०५ पर्यंत लपवून ठेवलीत तर ज्यासाठी माणूस आला ते त्याला मिळणार नाही आणि तो निघून जाईल. स्टुडिओच्या रिटेन्शन ग्राफमधे तिसाव्या सेकंदाला किती लोक उरले हे वेगळं दाखवतात, तिथे ती घसरण स्पष्ट दिसते.

परळची_पोर

चिठ्ठीचा एक शॉट दुकानात मिरची निवडतानाचाही आहे, काकू कनवटीची चिठ्ठी काढून बघतात. तो पुढे आणू शकते. मग पाटी?

वर्षा_संकलक

पाटी ठेवा, जागा बदला. मोबाइलवर यादीत बोट थांबलं की बऱ्याच जणांना व्हिडिओ तिथेच मुका सुरू होतो, आणि तो पहिल्या सेकंदापासून. आत्ता तुमच्याकडे काय दिसतं? छान थंबनेल नाहीसं होऊन सहा सेकंद काळा पडदा.

माझा क्रम असा असेल. पहिली फ्रेम डंकाची, तुमचा ‘आ’, त्यामुळे खारघरकरांचा शॉटही कामी आला. तीन-चार ठोके. मग काकूंचा पदर. मग कनवटीची चिठ्ठी. चिठ्ठी उघडते तिथे कट, आणि पाटी. म्हणजे साधारण २० ते २५ सेकंदांवर. तोपर्यंत माणसाला कळलेलं असतं की हे कोणाबद्दल आहे, आणि नाव वाचायची त्याची इच्छा असते.

खारघरचा_कॅमेरा

पाटीसाठी ‘अ’ वापरा. वाइडमधे वर दुकानांच्या ताडपत्र्यांची सावली आहे ना, तिथे अक्षरांना मोकळी जागा मिळेल. थंबनेलला नको असलेली फ्रेम पाटीला बरोबर बसते.

परळची_पोर

वा, हे सुचलंच नव्हतं. त्या फ्रेमचं स्टिल काढून त्यावर नाव टाकलं. पण एक विचित्र गोष्ट होतेय. चालू शॉटवरून स्टिलवर आलं की चित्र ‘मेल्या’सारखं वाटतं. नुसती हालचाल थांबल्यामुळे नाही, अजून काहीतरी.

वर्षा_संकलक

नॉइज थांबला. ताडपत्रीखालचा अंधार, आयएसओ चढवलेला असणार. चालू चित्रात त्या सावलीतले कण दर फ्रेमला बदलतात, डोळ्याला ते जाणवत नाहीत. स्टिलमधे तेच कण काचेवरच्या धुळीसारखे जागच्या जागी अडकतात.

दोन मार्ग आहेत. स्टिलवरचा नॉइज काढून वर हलतं ग्रेन टाकायचं, किंवा स्टिल न वापरता तोच शॉट चालू ठेवायचा. मी दुसरा घेईन. गल्लीत माणसं चालतायत, वर नाव स्थिर आहे, यापेक्षा चांगली पाटी कोणती? वाइड कमीत कमी चार सेकंद हललेला नाही ना, ते बघा. नाव मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ते पडद्यावर राहिलं पाहिजे. तुमच्या तीन शब्दांना तीन-साडेतीन सेकंद पुरतील.

आणि लाल अक्षरं सोडा. वेबवरच्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी साठवतात, आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी. म्हणून गडद पार्श्वभूमीवर लाल अक्षराची कड करवतीसारखी दिसते. पांढरट किंवा हळदीचा फिका पिवळा घेतलात तर कड उजेडावर तोलली जाते आणि स्वच्छ राहते.

शुभदा_म

मी छपाईतली आहे, व्हिडिओतलं कळत नाही, पण अक्षरांबद्दल बोलते. स्क्रीनशॉट टाकलाय त्यात ‘गल्लीतला’ मधला ल्ल तुटलाय, पहिल्या ल चा पाय मोडलेला दिसतो. ‘उन्हाळा’ मधला न्ह पण सुटा झालाय. फॉण्टचा दोष नाही, सॉफ्टवेअर जोडाक्षरं जुळवत नाहीये. फोटोशॉप असेल तर `World-Ready Layout` चालू करा. एडिटिंग सॉफ्टवेअरमधेच तुटत असेल तर नाव इंकस्केपमधे लिहा, पारदर्शक पीएनजी काढा आणि ती चित्रावर ठेवा.

दुसरं, तुम्ही अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजी पाट्यांवर ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. अंतर शून्यावर आणा, ऐसपैस हवं असेल तर शब्दांमधली जागा वाढवा.

आणि तुमच्या नावात ल चार वेळा येतो. हिंदी वळणाचा ल असलेला फॉण्ट घेतलाय, मराठी डोळ्याला ते प्रत्येक वेळी टोचतं. ‘तिरो देवनागरी मराठी’ मधे आपल्या वळणाचे ल आणि श आहेत. त्याच्या बारीक रेषा थंबनेलच्या आकारात टिकणार नाहीत, पण पाटीला छान दिसेल. थंबनेलला ‘बालू २’ चं जाड वजन घ्या, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉण्ट आहे.

परळची_पोर

शुभदाताई, तो ल काहीतरी खटकत होता पण काय ते कळत नव्हतं! बदलला. थंबनेलच्या अक्षरांना काळी आउटलाइन देऊ का? फिका पिवळा उठून दिसत नाहीये.

शुभदा_म

नको. देवनागरीत काना, वेलांटी, अक्षर हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. आउटलाइन प्रत्येक तुकड्याभोवती फिरली तर शिरोरेषेतच काळ्या रेघा दिसतात. अक्षरांमागे चित्रच हळूहळू गडद करा.

नाना_गिरगाव

काकूंना विचारलंय का? व्हिडिओत दिसायला हो म्हटलं असेल, पण डोळ्यांत पाणी, नाकाला पदर, आणि तेच चित्र सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर? आमच्या मंडळातल्या एका ताईंना असंच वाईट वाटलं होतं.

परळची_पोर

नाना, बरं झालं विचारलंत. चित्रीकरणाची परवानगी आहे, थंबनेलचं बोलले नव्हते. संध्याकाळी प्रिंट घेऊन जाते.

रोहित_७५

दोन्ही लावून बघा ना. यूट्यूब स्टुडिओत टेस्ट अँड कंपेअर आहे, तीन थंबनेल एकाच वेळी देता येतात. ज्यावर जास्त क्लिक येतील तो जिंकतो.

वर्षा_संकलक

सूचना चांगली, फक्त निकाल क्लिकवर लागत नाही, कोणत्या थंबनेलमुळे जास्त वेळ पाहिलं गेलं त्यावर लागतो. क्लिक करून दहा सेकंदांत पळणाऱ्यांचा तिथे फारसा फायदा होत नाही, आपल्यासाठी ते चांगलंच आहे. पण नवीन चॅनेलला इतकी कमी इंप्रेशन्स मिळतात की दोन आठवड्यांनंतरही ‘फरक सांगता येत नाही’ असाच निकाल येऊ शकतो. त्यावरून कोणती फ्रेम चांगली ते ठरवू नये.

परळची_पोर

जाऊन आले. काकूंनी ‘इ’ बराच वेळ बघितली. म्हणाल्या, “डोळे लाल दिसतात, पण मसाला कुटताना असंच होतं, खोटं कशाला दाखवायचं.” सून म्हणाली डंकाचाच लावा, सासूबाईंचे कोणी स्क्रीनशॉट काढून नको ते लिहिलं तर? दोघींचं एकमत झालं नाही. शेवटचा शब्द काकूंचा आहे, त्या उद्या कळवतो म्हणाल्यात.

तोपर्यंत दोन्ही तयार ठेवलीत. ‘आ’ वर ‘सासूबाईंचं प्रमाण’ हे शब्द बसत नाहीत, चित्रात माणूसच नाही. तिथे काय लिहू?

खारघरचा_कॅमेरा

काहीच लिहू नका. मुसळ वर थांबलंय, तेवढं पुरे.

वर्षा_संकलक

मला तिथे माणसाची खूण हवीशी वाटते. त्याच शॉटच्या आसपास कोणाचा हात मिरच्या आत लोटताना येतो का? मुसळ वर आणि हात उखळाच्या कडेला, अशी फ्रेम असेल तर ती ‘आ’ पेक्षा चांगली. ४:०५ पासून पाच सेकंदांच्या सगळ्या फ्रेम काढून बघा, आणि इथे टाका.